अर्ध्या मायक्रोमोलरची भिंत

रेगेसरांना वाईट बातमी चहाबरोबर द्यायची सवय होती. त्यामुळे शुक्रवारी सकाळी त्यांनी अनुजाला केबिनमध्ये बोलावून स्वतःच्या हाताने कप पुढे केला, तेव्हाच तिने काय ते ओळखलं.

"सोमवारी कमिटी आहे," सर म्हणाले. "मी आजच पत्र पाठवून कळवून टाकतो. आठपासून पुढची सिरीज बंद. एक ते सातवर थिसिस लिही आणि मोकळी हो."

"सर, पण चौदा नंबर..."

"चौदा नंबरची केडी किती?"

उत्तर सरांनीच दिलं.

"अर्धा मायक्रोमोलर. आणि आठची?"

"अर्धाच, सर."

"मग झालं तर. आठलाही अर्धा, अकरालाही अर्धा, चौदालाही अर्धा. सहा पेप्टाइडं बनवून तू जागची हललेली नाहीस. आयडिया छान होती, पण निसर्गाला मान्य नसेल तर आपण काय करणार? चहा घे."

तिने चहा घेतला. तो कडू होता की गोड, हे तिला नंतर कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

अनुजा परब लालबागची. वडील गणपत परब एका कुरियर कंपनीत सुपरवायझर, आजोबा गिरणीतले. परळच्या या संशोधन संस्थेत ती पीएचडी करायला आली तेव्हा घरून चालत जाता येईल एवढ्यावरच आई खूश झाली होती. काम होतं मलेरियाच्या परजीवीतल्या एका प्रथिनावर. त्या प्रथिनाच्या अंगावर एक खोबण आहे. त्या खोबणीत घट्ट बसेल असा एखादा लहानसा रेणू, म्हणजे पेप्टाइड, सापडला तर परजीवीचं काम अडतं. पहिली सात पेप्टाइडं रेगेसरांच्या जुन्या कल्पनेवरची. ती खोबणीत बसायची खरी, पण पाहुण्यासारखी टेकून बसायची आणि उठून जायची. आठव्यापासून पुढची अनुजाच्या डोक्यातली होती. खोबणीच्या तळाशी एक बाजू मोकळी पडते, हे तिने ताडलं होतं. प्रत्येक नव्या पेप्टाइडमध्ये त्या बाजूला धरायला एकेक हात वाढवत न्यायचा, म्हणजे पकड घट्ट होत जाईल, असं तिचं म्हणणं. सरांना ते फारसं पटलं नव्हतं. तिने हट्ट धरला आणि सरांनी तो पुरवला. म्हणूनच तर आता जास्त लागत होतं. सरांनी लादलेलं काम फसलं असतं तर सरांना नावं ठेवून झोप तरी आली असती.

घट्टपणा मोजायची रीत साधी आहे. नळीत ठरावीक प्रथिन घ्यायचं आणि त्यात पेप्टाइड थोडं थोडं वाढवत न्यायचं. पेप्टाइड बसलं की प्रथिनाची चमक किंचित कमी होते. त्यावरून एकूण खोबणींपैकी किती भरल्या, ते कळतं. पेप्टाइड कमी असताना थोड्याच भरतात, वाढवलं की आणखी भरतात, आणि शेवटी जागाच उरत नाही म्हणून आलेख वर जाऊन आडवा होतो. निम्म्या खोबणी भरलेल्या असताना पाण्यात जेवढं मोकळं पेप्टाइड फिरत असतं, तो मायक्रोमोलर या मापातला आकडा म्हणजे केडी. पुस्तकात त्याला विघटन स्थिरांक म्हणतात, पण परळच्या त्या मजल्यावर कुणाची जीभ एवढी वळत नाही. केडी जितकी लहान तितकी पकड घट्ट, कारण थोडक्यातच निम्मं काम होतं. आणि पकड घट्ट असो की सैल, आलेखाची तऱ्हा एकच असते. केडीएवढं मोकळं पेप्टाइड असेल तर निम्म्या खोबणी भरतात, केडीच्या नऊपट असेल तर नव्वद टक्के, नवव्या हिश्शाएवढं असेल तर जेमतेम दहा टक्के.

सरांच्या पेप्टाइडांची केडी चाळीस-पन्नास मायक्रोमोलर होती. अनुजाच्या आठ नंबरने एकदम अर्ध्या मायक्रोमोलरवर उडी मारली, तेव्हा लॅबमध्ये पेढे वाटले गेले होते. त्यानंतर मात्र सगळं जिथल्या तिथे. नऊ झालं, दहा झालं, एकेक हात वाढत गेला, पण आकडा अर्ध्याखाली उतरायला तयार नाही. समोर भिंतच उभी होती जणू. संस्थेतल्या दुसऱ्या एका गटाने पेशींवर हीच पेप्टाइडं वापरून पाहिली होती. त्यांचं म्हणणं, चौदा नंबर आठपेक्षा कितीतरी कमी मात्रेत काम करतो. पण रेगेसरांचा पेशींवर विश्वास नव्हता. "पेशींच्या मनात काय असतं ते कोण सांगणार? केडी बोलेल ते खरं," असं ते म्हणायचे, आणि एरवी अनुजालाही ते पटायचं.

केबिनमधून बाहेर पडून ती आपल्या टेबलाशी आली. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि त्यातलं आधी कोणतं हे तिचं ठरत नव्हतं. शेवटी तिने ठरवलं, चौदा नंबर अजून एकदा मोजायचा. फासावर चढवायचंच आहे तर साक्ष तरी एकदा नीट घेऊ.

पण त्या दिवशी नशिबाने सगळ्याच बाजूंनी मनावर घेतलं होतं. तिने फ्रिजमधून प्रथिनाची ताजी बाटली काढली आणि पाहते तो काय, आत पांढरी गुठळी. दूध नासावं तसं अख्खं प्रथिन नासलं होतं. नवीन तयार करायला आठवडा तरी हवा, आणि सोमवार तर उंबऱ्यावर. फ्रीझरच्या तळाशी गेल्या खेपेची एक नळी सापडली. चाळीस पेप्टाइडं मोजायला पुरेल एवढं प्रथिन एरवी हाताशी असायचं, आज एक-दीडला पुरेल एवढंच.

त्या लॅबमध्ये नळीत प्रथिन किती घालायचं, हा प्रश्न कुणालाच पडत नसे. एक मायक्रोमोलर. रेगेसर तरुण होते तेव्हा त्यांनी ते ठरवलं होतं, कारण त्याहून कमी घातलं तर खालच्या मजल्यावरच्या जुन्या यंत्राला चमक धड दिसायची नाही. नवीन मुलगा आला की त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं, "आपल्याकडे एक घालतात." आमटीत मीठ किती, असं कुणी आईला विचारत नाही, तसंच ते.

आज एक घातलं असतं तर परत तपासायला काही उरलं नसतं. अनुजाने मनातल्या मनात सरांची माफी मागितली आणि अर्धा घातला. चमक कमी दिसेल, आकडे थोडे थरथरतील, पण एवढ्याने काय बिघडणार? केडी ही पेप्टाइड आणि प्रथिन यांच्यातली गोष्ट. घट्टपणाला गर्दीशी काय देणंघेणं!

तिने नळ्या भरल्या, थांबायचं तेवढी थांबली, यंत्राखाली मोजल्या आणि आलेख काढला. निम्म्याची रेघ जिथे आलेखाला छेदत होती तिथला आकडा तिने दोनदा वाचला.

पाव.

अर्ध्याच्या जागी पाव मायक्रोमोलर. वेड्यासारखी ती पुन्हा पुन्हा बघत राहिली. कुणाला वाटेल, आनंदाची गोष्ट, केडी कमी झाली! पण तेच पेप्टाइड, तेच प्रथिन, तीच खोबण. त्याला दोन केडी असूच शकत नाहीत. म्हणजे आजचं मोजमाप चुकलं, नाहीतर आजवरची सगळी चुकली. सर म्हणत होते त्याहून हे वाईट. सिरीज बंद होणं एकवेळ परवडलं, पण "हिचे आकडेच भरवशाचे नाहीत" असा शिक्का बसला तर?

ती तडक वरच्या मजल्यावर रुचाकडे गेली. रुचा गिरगावची. दोघी एकाच वर्षी संस्थेत आल्या आणि पहिल्या महिन्यातच एकमेकींच्या डब्यावर हक्क सांगायला लागल्या. रुचाच्या गटाकडे नवीन, फार बारीक चमक पकडणारं यंत्र होतं आणि त्याचा तिला मोठा तोरा होता.

"रुचा, माझं काहीतरी भयंकर गंडलंय."

"बस आधी. पाणी पी. आता सांग."

अनुजाने सांगितलं. रुचाने ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, तो एखाद्या पोलिसाने विचारावा तसा.

"पिपेट बरोबर होतं?"

"मला वाटतं होतं. पण आता कशाचीच खात्री नाही गं."

"मग जुन्यातलं एखादं घे ना. सरांचं दोन नंबर. त्याची केडी चाळीस ठरलेली आहे, शंभर वेळा मोजलीय. अर्ध्या प्रोटीनवर ते चाळीसच आलं तर तुझा हात ठीक. तेही वीस आलं तर पिपेट समुद्रात टाक."

एवढं साधं आपल्याला सुचू नये, याची अनुजाला लाज वाटली. घाबरलेल्या माणसाची अक्कल आधी पळते. ती खाली गेली आणि उरलेल्या प्रथिनातलं थोडं काढून सरांचं दोन नंबर मोजलं. नेहमीसारखं एक मायक्रोमोलर घालून चाळीस येतात. आज अर्धं घालूनही आले चाळीस.

म्हणजे हात ठीक, पिपेट ठीक, प्रथिन ठीक. मग सैल पेप्टाइड जागच्या जागी राहतं आणि घट्ट पेप्टाइडच प्रथिनामागे धावतं, हे कसं?

ती दोन्ही आलेख शेजारी ठेवून बसली. सरांच्या दोन नंबरचा आलेख सुरेख वळणाचा होता, हळूहळू वर चढणारा, चढता चढता दमणारा. तिच्या चौदा नंबरचा तसा नव्हता. तो सरळ काठीसारखा वर गेला होता आणि मग कोपर वाकवावं तसा एकदम आडवा. पूर्वीचे आलेखही तिने काढून बघितले. आठ, नऊ, दहा, सगळे तसेच. कितीदा पाहिले होते तिने ते! आपल्याला हवा तो आकडा एकदा वाचला की बाकीच्या आकाराकडे कोण बघतो?

सरळ काठी. म्हणजे टाकलेलं प्रत्येक पेप्टाइड पडल्या पडल्या खोबणीत जाऊन बसतंय. मोकळं कुणी उरतच नाहीये.

आणि मग तिला ते दिसलं. वडिलांच्या मंडळाची बैठक असली की हॉलमध्ये खुर्च्या मांडायचं काम लहानपणी तिच्याकडे असायचं. आलेला प्रत्येक माणूस आल्या आल्या बसणार असेल, तर शंभरातल्या निम्म्या खुर्च्या भरायला पन्नास माणसं लागतात. खुर्च्या पन्नासच मांडल्या तर पंचवीस. त्यावरून खुर्च्या किती मांडल्यात तेवढं कळतं. माणसाला बसायची किती घाई आहे, ते काही कळत नाही.

एक मायक्रोमोलर प्रथिन, निम्मं भरायला अर्धा मायक्रोमोलर पेप्टाइड. अर्धं प्रथिन, निम्म्याला पाव. ती भिंत पेप्टाइडची नव्हतीच. ती लॅबच्या सवयीची होती. आठपासून चौदापर्यंत सगळी पेप्टाइडं खोबणीला अशी चिकटली होती, की ती केडी मोजत नव्हती, नळीत प्रथिन किती आहे तेच इमानेइतबारे मोजून देत होती, आणि सगळे त्यालाच केडी म्हणत होते. सरांची पेप्टाइडं सैल, त्यांना निम्म्यावर यायला चाळीस मायक्रोमोलर लागायचे. त्यातून प्रथिनाने अर्धा खाल्ला तर कुणाला कळणार? म्हणून इतकी वर्षं काही बिघडलं नाही. पेप्टाइड सुधारलं आणि सवय तिथेच राहिली.

अनुजाला एकदम हसू आलं. मग वाटलं, हे आपल्याला हवं तसं तर आपण बघत नाही ना? तिने स्वतःला पैज लावली. उरलेल्या प्रथिनात आणखी एकदा मोजता येईल, तेही पाव मायक्रोमोलर घालून. आपलं खरं असेल तर निम्म्याचा आकडा आणखी अर्धा होऊन सव्वाशे नॅनोमोलरच्या आसपास यायला हवा. एका मायक्रोमोलरचे नॅनोमोलर हजार, तेव्हा पाव म्हणजे अडीचशे आणि त्याचे निम्मे सव्वाशे.

यंत्र इतकी मंद चमक बघून कुरकुरलं. आलेखाचे ठिपके दारू प्यायल्यासारखे इकडे तिकडे पडले. पण त्यांच्यामधून ओढलेली रेघ एकशे तीसला निम्म्यावर आली.

अनुजाने दोन्ही हात तोंडावर ठेवले. शेजारच्या टेबलावरचा मुलगा दचकून बघायला लागला, तर ती म्हणाली, "काही नाही रे, बरं वाटतंय."

घरी जाताना ती भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला उभी होती आणि आपण सकाळपासून काही खाल्लेलं नाही हे तिला तिथे आठवलं. दारात आईने चेहरा पाहून विचारलं, "काय झाला गो?"

"अजून काही नाही झालं. पण होईल असं वाटतंय."

"मग जेवन घे आधी. व्हतला काय ता उद्या बघूक येतला."

आई मालवणीत आली की वाद घालण्यात अर्थ नसतो. अनुजा जेवली आणि चक्क झोपली.

पण खरी अडचण तशीच होती. भिंत खोटी आहे एवढं सिद्ध झालं, पलीकडे काय आहे ते नाही. चौदा नंबरची केडी पन्नास नॅनोमोलर असेल, पाच असेल, आठची आणि चौदाची एकच असेल. तसं असेल तर सरांचं म्हणणं वेगळ्या कारणाने का होईना, बरोबरच ठरेल. खरी केडी मोजायची तर प्रथिन केडीपेक्षा पुष्कळ कमी हवं, म्हणजे पेप्टाइड मोकळं उरेल आणि किती भरायचं ते प्रथिनाच्या संख्येवर न ठरता पकडीवर ठरेल. एवढं कमी प्रथिन जुन्या यंत्राला दिसणं शक्यच नव्हतं.

शनिवारी सकाळी ती रुचाच्या दारात उभी राहिली.

"तुझं यंत्र दे."

"नवरा माग, देईन. यंत्र नाही."

"रुचा!"

"अगं देते. पण तुझं प्रोटीन एवढं कमी घेतलंस तर नुसत्या त्याच्या चमकेवर माझंही यंत्र काही करू शकणार नाही. त्याला रंग लावावा लागेल."

प्रथिनाला भडक चमकणारा रंग जोडून ठेवायचा, म्हणजे अगदी थोडं असलं तरी दिसतं. पेप्टाइड खोबणीत बसलं की रंगाची चमक बदलते. गेल्या वर्षी रुचाने आपल्या कामासाठी याच प्रथिनाला खोबणीच्या काठाशी असा रंग जोडून पाहिला होता. त्यातलं चिमूटभर तिच्या फ्रीझरमध्ये शिल्लक होतं. चिमूटभरच पुरेसं होतं, कारण आता नळीत घालायचं होतं फक्त एक नॅनोमोलर, नेहमीच्या हजाराव्या हिश्शाएवढं.

"एक सांगते," रुचा म्हणाली. "इतक्या कमी प्रोटीनला प्लास्टिकला चिकटून बसायची खोड असते. किंचित डिटर्जंट घाल. आणि घाई करू नकोस. पातळ झालं की एकमेकांना गाठायला वेळ लागतो. नीट स्थिर होऊ दे, मग मोज. थोड्या वेळाने परत मोज. आकडा हलला नाही तरच लिही."

अनुजाने सगळं तसंच केलं. तीन पेप्टाइडं घेतली, आठ, अकरा आणि चौदा. सरांच्या दोन नंबरवर अर्ध्या प्रथिनाने हात तपासला होता, तसं आता चौदा नंबर दुप्पट प्रथिन घालूनही एकदा मोजायचं ठरवलं. यावेळी तिला आपल्याशीच लबाडी करायला जागा ठेवायची नव्हती. नळ्या स्थिर होईपर्यंत दोघी खिडकीशी बसल्या. रुचाने डब्यातला शिरा पुढे केला, पण अनुजाचं लक्ष नळ्यांकडेच होतं.

"काय वाटतं तुला?" रुचाने विचारलं.

"काही वाटून घ्यायचं नाही असं ठरवलंय. तिन्ही एकच आली तर मी सोमवारी सरांच्या बाजूने बोलणार. खरंच. पण तिन्ही एकच येऊ नयेत गं."

आधी आठ नंबर आला. आलेखाला काठी नव्हती, कोपर नव्हतं. हळूहळू चढणारं, दमत जाणारं वळण होतं, सरांच्या जुन्या पेप्टाइडांसारखं, फक्त आकड्यांच्या अगदी खालच्या पायरीवर. निम्मं भरलं साडेतीसला. त्यातला अर्धा प्रथिनाने धरून ठेवलेला. केडी तीस नॅनोमोलर.

अकरा नंबरची आली चौदा नॅनोमोलर.

चौदा नंबरचे ठिपके एकेक करून पडद्यावर येत होते आणि अनुजाला बघवत नव्हतं. शेवटी रुचानेच वाचलं. "साडेसहाला निम्मं. म्हणजे सहा."

"दुप्पट प्रोटीनचं?"

"सातला निम्मं. तिथे प्रथिनाने एक धरलंय. तो वजा केला की पुन्हा सहाच."

आकडा आता प्रथिनामागे धावत नव्हता. खुर्च्या दुप्पट मांडल्या तरी उत्तर तेच होतं. तीस, चौदा, सहा. जसजसे हात वाढत गेले, तसतशी पकड घट्ट होत गेली होती, ती म्हणाली होती त्याच क्रमाने. इतका काळ ती ज्याला भिंत समजून डोकं आपटत होती, तिथे नुसता पडदा होता आणि त्याच्या मागे सगळं ठरल्यासारखं चाललेलं होतं. अनुजा रुचाच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडली. रुचाने तिला रडू दिलं आणि मध्येच म्हणाली, "यंत्रावर पाणी पडू देऊ नकोस फक्त. महाग आहे." तेव्हा कुठे ती हसली.

सरांना सांगायचं मात्र अजून बाकी होतं. आणि काय सांगणार? "सर, तुमची सवय चुकीची होती," हे वाक्य कसंही फिरवून म्हटलं तरी टोचणारच. अनुजाने रविवारी त्याची पन्नास प्रकारे तालीम केली. सोमवारी सकाळी कमिटीच्या आधी ती केबिनमध्ये गेली तेव्हा त्यातला एकही प्रकार तिला आठवला नाही. तिने नुसते आलेख टेबलावर मांडले. एक मायक्रोमोलरचा, अर्ध्याचा, पावचा. आणि शेजारी रुचाच्या यंत्रावरचे.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. पहिल्या तिन्हींवरून बोट फिरवलं. अर्धा, पाव, त्याच्या निम्मा. ते बोट तिसऱ्यावर आल्यावर थांबलं. अनुजाला त्यांचा चेहरा वाचता येईना.

"दोन नंबर तपासलास?" त्यांनी विचारलं.

"हो सर. अर्ध्या प्रोटीनवरही चाळीसच."

"अर्थात. चाळीसच येणार." ते खुर्चीत मागे टेकले. "मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला फळ्यावर लिहून शिकवतो, की प्रोटीन केडीपेक्षा कमी ठेवा. दरवर्षी! आणि खाली येऊन तुम्हाला सांगतो, आपल्याकडे एक घालतात." ते मान हलवत हसले. त्या हसण्यात लाज होती, पण राग कुठेच नव्हता. अनुजाच्या छातीवरचा दगड तिथेच उतरला.

कमिटीच्या अध्यक्ष होत्या नलू दिघे, दादरच्या, निवृत्तीला आलेल्या आणि जिभेने तिखट. त्यांच्यासमोर उभं राहिलं की भल्याभल्यांना आपलं नावही आठवत नसे. अनुजा बोलायला उठणार, तोच रेगेसर उठले.

"मॅडम, सुरुवात मी करतो, कारण चूक माझी आहे. ही सिरीज बंद करावी असं मी तुम्हाला कळवलं होतं. ते पत्र मागे घेतो. पेप्टाइडं चांगली होती. मोजायची आमची पद्धत त्यांना पुरी पडत नव्हती. का ते अनुजा सांगेल."

अनुजाने सांगितलं. बोलता बोलता ती आलेखांमध्ये अशी रमली की समोर दिघेमॅडम आहेत हेही विसरली. शेवटची स्लाइड पडद्यावर आली, तीस, चौदा, सहा, तेव्हा दिघेमॅडमनी तिन्ही आकडे आपल्या वहीत उतरवून घेतले.

"पेशींवालेही हेच सांगत होते ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

"हो," सर म्हणाले. "मीच ऐकलं नाही."

"ठीक. सिरीज चालू राहील. आणि रेगे, त्या जुन्या यंत्राला आता पेन्शन द्या."

सगळे हसले. कागद आवरले गेले. बाहेर व्हरांड्यात आल्यावर अनुजा घोळक्यातून बाजूला झाली. ती जिन्याच्या पायरीवर बसली. मन इतकं हलकं झालं होतं की नक्की कशाकशाचं ओझं होतं तेच तिला आठवेना. पेप्टाइडं तीच होती. शुक्रवारीही ती इतकीच घट्ट होती. आपण नालायक नव्हतो, एवढंच तिला कळत होतं आणि तेवढं तिला पुष्कळ होतं.

सर शेजारी येऊन उभे राहिले. मग इकडे तिकडे बघून, कुणी विद्यार्थी नाहीत याची खात्री करून, तेही पायरीवर टेकले.

"पंधरावं कधी बनवतेस?"

"आराखडा तयार आहे, सर. पण ते आणखी घट्ट बसेल असं वाटतंय. तसं झालं तर एक नॅनोमोलर प्रोटीनही जास्त होईल."



"मग किती घालायचं," ते म्हणाले, "ते आता तू मला सांगायचं."